आपला सोलर कुकर केव्हा शिजवतो आणि केव्हा नाही

आमच्या पेटी-प्रकारच्या सोलर कुकरमध्ये इंधन जाळावे लागत नाही, कारण अन्न शिजायला लागते ती उष्णता, ज्योत नव्हे. काचेतून आत आलेला प्रकाश काळा पत्रा आणि काळी भांडी शोषून घेतात, त्याची उष्णता होते आणि काचेची दुहेरी झाकणे व भिंतींतील उष्णतारोधक थर तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. वरचा आरसा काचेबाहेर पडणारे ऊनही आत वळवतो.

हे काम सावकाश होते. पन्नास सेंटिमीटर लांब-रुंद काचेवर स्वच्छ दुपारी आरशासह सुमारे 250 वॅट ऊन पडते, पण काच, भिंती आणि हवेकडून होणारी गळती वजा जाता भांड्याला अंदाजे 60 वॅटच मिळतात. 1 किलो पाणी 30 अंशांवरून 100 अंशांवर नेण्यास सुमारे 294 किलोज्यूल लागतात. म्हणजे या हिशेबाने 80 मिनिटे, आणि तापमान चढताना गळतीही वाढत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. मध्येच झाकण उघडून पाहिल्यास साठलेली उष्णता निघून जाते, म्हणून शक्यतो उघडू नये.

ढगाळ दिवसाची मर्यादा आम्ही स्पष्टच सांगू इच्छितो. ढगांतून येणारा प्रकाश सर्व दिशांनी विखुरलेला असतो, त्यामुळे आरशाचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय दाट ढगांखाली ऊन स्वच्छ दुपारच्या पाचव्या भागाइतकेही उरत नाही. अशा वेळी पेटी कोमट होऊन तिथेच थांबते. हे कोमट राहणेच धोक्याचे आहे, कारण साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान अन्नात जिवाणू वेगाने वाढतात. म्हणून ऊन गेल्यावर ते परत येण्याची तासन्‌तास वाट न पाहता भांडे लगेच चुलीवर किंवा शेगडीवर ठेवून शिजवणे पूर्ण करावे.

कुकर लावण्यापूर्वी जमिनीवरची आपली सावली पाहावी. तिच्या कडा स्पष्ट असतील आणि ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य 45 अंशांहून वर आहे आणि शिजवण्यास चांगली वेळ आहे. सावली पुसट दिसल्यास ढग किंवा धुरके आड आले आहे असे समजावे.

संध्याकाळी सावली लांबते, किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि तेवढ्याच काचेवर कमी ऊन पडते. सूर्यास्तानंतर तर पेटी केवळ थंड होत जाते. त्यामुळे रात्रीच्या जेवणातील जे पदार्थ आधी करून ठेवता येतील, ते दुपारीच शिजवून झाकण न उघडता वरून जाड कापडाने झाकावेत, म्हणजे काही काळ गरम राहतात. तरीही जेवायला उशीर होणार असेल, तर ते पुन्हा पूर्ण उकळावेत. ही उकळी, तसेच रात्री ताजे करायचे पदार्थ, यांसाठी घरात दुसरी शेगडी असणे आवश्यकच आहे.