४४एडी: अंदाजे नफ्यावर टॅक्स, आणि मागे लागणारी पाच वर्षं

१९९२ च्या बजेटमध्ये मनमोहन सिंगांनी छोट्या दुकानदारांसाठी वर्षाला सरळ १,४०० रुपये टॅक्स भरायची सोय आणली होती, तिथून ही गोष्ट सुरू होते. मग १९९४ ला बांधकाम ठेकेदारांसाठी आयकर कायद्यात ४४एडी कलम आलं, उलाढालीच्या ८ टक्के नफा धरायचा आणि वह्या ठेवायची कटकट नाही. १९९७ ला किरकोळ दुकानदारांना ५ टक्क्यांचं वेगळं कलम मिळालं. २०१०-११ पासून हे एकत्र करून बहुतेक सगळ्या छोट्या धंद्यांना ८ टक्के लागू झाले, आणि नोटबंदीनंतर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर ६ टक्के. आता उलाढालीची मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी.

पण खरा बदल २०१६ चा, आणि लोकांना तोच माहीत नसतो. त्याआधी एखाद्या वर्षी नफा कमी दाखवायचा तर वह्या आणि ऑडिट करून सुटता यायचं. २०१६ नंतर एकदा ४४एडीत शिरलात की पुढची पाच वर्षं त्यातच राहायचं, मध्येच कमी नफा दाखवलात तर पुढची पाच वर्षं स्कीम बंद, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर त्या सगळ्या वर्षांत ऑडिट.

समजा मोबाईलचा होलसेलवाला आहे, उलाढाल अडीच कोटी, सगळा व्यवहार बँकेतून, हातात उरतात फक्त २ टक्के म्हणजे ५ लाख. स्कीममध्ये ६ टक्के म्हणजे १५ लाख धरले जाणार, २०२५-२६ च्या नव्या रिजीमने सेस धरून १,०९,२०० रुपये टॅक्स. खऱ्या ५ लाखांवर रिबेटमुळे शून्य! हा माणूस स्कीममध्ये कधीच शिरला नसेल तर नीट वह्या ठेवल्या की झालं, कारण रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असले की १० कोटींपर्यंत ऑडिट लागत नाही. पण दोनच वर्षांपूर्वी रिटर्न सोपं जातं म्हणून ४४एडी घेतलं असेल तर आता ५ लाखांसाठीसुद्धा ऑडिट करावं लागेल. म्हणून कमी मार्जिनच्या, जास्त उलाढालीच्या धंद्यांनी यात पडूच नये असं माझं ठाम मत आहे, आणि नवीन धंदा असून पहिल्या वर्षी तोटा दिसत असेल त्यांनीही, कारण स्कीममध्ये तोटा दाखवताच येत नाही. कमिशन किंवा दलालीवाल्यांना आणि एलएलपीला तर दारच बंद आहे.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, आयटीवाले यांच्यासाठी २०१६ लाच ४४एडीए आलं, जमेच्या निम्मा नफा धरायचा, मर्यादा ५० लाख, रोख कमी असेल तर ७५. घरून काम करणाऱ्या डेव्हलपरला हे फारच परवडतं. पण भाड्याचं क्लिनिक, असिस्टंटचे पगार, लॅबची बिलं असलेल्या डेंटिस्टला ४० लाखांतून १४ च उरत असतील तर २० लाखांवर टॅक्स कशाला भरायचा? त्याने वह्या ठेवून ऑडिट करावं, सीएची फी वाचणाऱ्या टॅक्सपेक्षा कमी आहे ना एवढं बघावं. या कलमाला पाच वर्षांची अट नाही, त्यामुळे हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडता येतो.