तार आणि फट: बाबिने तत्त्वाची पार्श्वभूमी

बारीक अडथळ्याच्या सावलीत प्रकाशाचे पट्टे उमटतात, हे 1803 पर्यंत लंडनमध्ये प्रयोगाने दाखवून झाले होते. तार आणि तेवढ्याच रुंदीची फट सारखेच पट्टे देतात, असे सांगणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बाबिने यांचे तत्त्व मांडले गेले 1837 मध्ये पॅरिसला, तेही तारेसाठी नव्हे. चंद्राभोवती दिसणारी रंगीत कडी समजावताना ढगातल्या थेंबांऐवजी तेवढ्याच आकाराची छिद्रे धरली, की गणित सोपे होत होते.

युक्ती बेरजेची आहे. फटीतून आलेली लहर आणि त्याच रुंदीच्या तारेच्या दोन्ही बाजूंनी आलेली लहर मिळून अडथळा नसलेली पूर्ण लहर होते. अडथळा नसताना लेझरचा झोत पडद्यावर एक छोटा ठिपका देतो, ठिपक्याबाहेर अंधार. म्हणजे तिथे दोन्ही लहरींची बेरीज शून्य, उंची सारखी आणि कला उलट, म्हणजे एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार. डोळ्याला किंवा डिटेक्टरला कला कळत नाही, तीव्रताच कळते. म्हणून पट्टे सारखेच दिसतात.

पाठ्यपुस्तके मात्र ‘दोन्ही आकृत्या सारख्याच’ एवढे म्हणून मोकळी होतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ठिपक्याच्या आत बेरीज शून्य नसते. फटीच्या मध्यभागी विवर्तनाचा, म्हणजे कडांशी वळून पसरलेल्या प्रकाशाचा, रुंद पट्टा असतो. तारेच्या मध्यभागी त्यावर न अडलेल्या झोताचा झगझगीत ठिपका बसलेला असतो. 0.08 मिमी जाडीची तांब्याची तार, 650 नॅनोमीटरचा लाल लेझर आणि 2 मीटरवर पडदा घ्या. पहिली काळी रेघ केंद्रापासून तरंगलांबी गुणिले अंतर भागिले जाडी, म्हणजे सुमारे 16 मिमीवर येते. ठिपका 4 मिमीचा असेल तर काहीच आड येत नाही. तार 1 मिमीची घेतली की तीच रेघ 1.3 मिमीवर येते आणि ठिपक्यातच बुडते. शिवाय हे गणित पडदा दूर असतानाचे आहे, आणि एवढ्या जाडीला 2 मीटर हे ‘दूर’ही उरत नाही: जाडीचा वर्ग भागिले तरंगलांबी काढली तर जवळपास दीड मीटर येतात, आणि पडदा त्याच्या कितीतरी पट लांब असावा लागतो. बारीक तारेसाठी तेच अंतर एक सेंटिमीटर भरते. ‘तत्त्व चुकले’ अशी तक्रार होते, ती बहुधा अशाच मांडणीतून आलेली असते.

1960 मध्ये लेझर आल्यावर हे मोजमापाचे साधन झाले. धावत्या तारेला हात न लावता पट्ट्यांमधल्या अंतरावरून तिची जाडी काढता येते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत केसाची जाडी काढतात ती याच वाटेने. जाडी तरंगलांबीच्या जवळ आली की मात्र प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, आणि धातूचा गुणधर्म हिशेबात घ्यावे लागतात आणि साधी बेरीज अपुरी पडते. तेव्हा तार व फट यांची अदलाबदल करताना विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचीही करावी लागते. 1946 च्या सुमारास पत्र्यात फट पाडून केलेल्या रेडिओ अँटेनांचे गणित याच रूपात बसवले गेले.