वय झालं म्हणून खुब्याचं ऑपरेशन टाळावं?

“आजी ८२ वर्षांची. ऑपरेशन झेपणार नाही. पायाला वजन लावून झोपवलं तर हाड जुळेल ना?”

नाही. आजींच्या एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या सांध्यातल्या गोळ्याच्या लगेच खालचा भाग, तुटून सरकलेली दिसते. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या याच मानेवरून जातात; त्या फाटल्या की वजन बांधूनही हाड सहसा जुळत नाही. उलट पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. खरा धोका तिथे आहे.

हाड सरकलेलं नसेल तर स्क्रू पुरतात. आजी घरातल्या घरात चालत होत्या, म्हणून अर्धा सांधा, म्हणजे फक्त गोळा बदलणं योग्य. बाहेर हिंडणाऱ्या, धडधाकट व्यक्तीला पूर्ण सांधा बसवतात. शक्यतो ४८ तासांत ऑपरेशन व्हावं. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात.