पूर्वविद्यमान आजार व विमादावा नकार

आरोग्यविमा घेण्यापूर्वीपासून आजार होता, या कारणाने विमा कंपनीने दावा (क्लेम) नामंजूर करणे. व्यवहारात अशा नकाराची दोन वेगळी कारणे एकत्र मिसळली जातात. पहिले, आजार होता आणि त्याचा प्रतीक्षाकाल, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही अशी सुरुवातीची मुदत, अजून संपलेला नाही. दुसरे, विमा घेताना भरलेल्या प्रस्तावपत्रात आजार लपवला. दोन्हींची कलमे निराळी आणि पुरावाही निराळा.

व्याख्या : भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 2024 च्या विनियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, अथवा ज्यासाठी त्या काळात वैद्यकीय सल्ला वा उपचार सुचवला किंवा घेतला गेला, असा आजार पूर्वविद्यमान ठरतो. ही मुदत आधी 48 महिने होती. पॉलिसी मिळाल्यावर तीन महिन्यांत दिसलेली लक्षणेही पूर्वी काही काळ व्याख्येत होती. 2020 मध्ये ती वगळण्यात आली. त्यामुळे आजार शरीरात सुप्त असणे पुरेसे नाही, डॉक्टरपर्यंत तो पोचलेला असावा लागतो. प्रतीक्षाकालही आता जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असून तो त्या आजाराला व त्यातून थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतींनाच लागू होतो.

समजा, पॉलिसी 1 जून 2024 रोजी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी हृदयविकारासाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशी नोंद झाली. बहुतेक वाद इथेच सुरू होतात. ही नोंद बहुधा निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारून घाईत करतो. तिच्या आधारे नकार देणाऱ्या कंपनीने 1 जून 2021 नंतरची चिठ्ठी, तपासणी अहवाल किंवा औषधोपचाराची नोंद दाखवणे अपेक्षित आहे. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. नोंद चुकीची असल्यास ती करणाऱ्या डॉक्टरकडून कालावधी दुरुस्त केलेले लेखी प्रमाणपत्र घेणे उपयोगी पडते.

न्यायालयीन निर्णय एकसुरी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मूत्रपिंडाचा जुना विकार लपवल्याबद्दलचा नकार कायम ठेवला. 6 डिसेंबर 2021 रोजी मात्र, परदेश प्रवासासाठी आरोग्यविमा घेताना मधुमेह कळवलेल्या आणि वैद्यकीय तपासणी झालेल्या प्रवाशाचा हृदयविकाराचा दावा त्याच न्यायालयाने मान्य केला : जोखीम पाहून पॉलिसी दिल्यावर कंपनीला त्याच प्रकृतीचे कारण पुढे करता येत नाही. उघड केलेल्या आजाराबाबत ही दुसरी भूमिका अधिक ग्राह्य वाटते. लपवलेल्या आजाराला ती आपोआप लागू होत नाही.

नकाराची रीत : मे 2024 च्या परिपत्रकानुसार दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीविना नकार देता येत नाही, आणि पत्रात पॉलिसीतील नेमक्या कलमाचा उल्लेख हवा. पॉलिसीचे सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती लपवल्याची हरकत घेता येत नाही.

दाद : प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते अमान्य असल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे शुल्क व वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे कार्यालये आहेत.