ड्रायव्हर निर्दोष सुटला, मग भरपाई बुडाली का?

"ट्रकचा ड्रायव्हर कोर्टातून निर्दोष सुटला, म्हणजे आता अपघाताची भरपाई मिळणार नाही."

मिळू शकते. ड्रायव्हरवरचा खटला सरकार चालवतं, त्याला शिक्षा व्हावी म्हणून. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो, तो मृताच्या वारसांचं नुकसान भरून निघावं म्हणून. तिथे तुरुंगाचा प्रश्नच येत नाही.

पुराव्याचं मापही वेगळं. समजा, दुचाकीस्वार ट्रकखाली गेला. साक्षीदार धडकेनंतर पोहोचला, ड्रायव्हर पळालेला. स्टिअरिंगवर हाच माणूस होता हे फौजदारी कोर्टात वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. तिथे केस पडते. न्यायाधिकरण पाहतं ते जास्त शक्य काय दिसतं हे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ट्रक चुकीच्या बाजूला, ब्रेकच्या खुणाही तिकडेच, तर निष्काळजीपणा ट्रकचा धरता येतो. चालक नेमका कोण, हे तिथे तितकं अडत नाही, कारण त्याच्या कामाची जबाबदारी मालकावर आणि पुढे विमा कंपनीवर येते.

खात्री करायची तर निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि कारणांचा भाग वाचा. ओळख पटली नाही, साक्षीदार फितूर झाला, संशयाचा फायदा दिला, असं बहुधा दिसेल. 'ट्रकची चूक नव्हती' असं त्यात सहसा नसतं. असलं तरी न्यायाधिकरण आपल्यासमोरचा पुरावा स्वतंत्रपणे तपासतं. वारसांची खरी चूक होते ती खटल्याच्या निकालाची वाट पाहत दावा लांबवण्यात.

उलटंही खरं: भरपाई दिली म्हणून खटला मिटत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.