मंद आचेवरची तळणी (पदरी समोसा)

मंद आचेवरची तळणी म्हणजे पदर सुटणाऱ्या जाड पारीचा समोसा आधी कमी तापलेल्या तेलात, रंग न येऊ देता, बराच वेळ तळून घेणे आणि मग आच वाढवून त्याला बदामी रंग आणणे. पहिल्या टप्प्यात पारी शिजते आणि कोरडी होते, दुसऱ्यात तिला रंग आणि खमंगपणा येतो. हे दोन्ही एकाच मोठ्या आचेवर उरकायला गेले की वरून सुरेख दिसणारा समोसा शिवणीपाशी कच्चा निघतो.

मुंबईत समोसा म्हटला की दोन वेगळे पदार्थ डोळ्यांसमोर येतात आणि ही पद्धत त्यांतल्या एकालाच लागू पडते. मोहम्मद अली रोडवर रमजानात किंवा इराणी हॉटेलांत मिळतो तो पट्टी समोसा. त्याची पट्टी कागदासारखी पातळ असते आणि तव्यावर आधीच अर्धवट भाजलेली असते. तिला मंद तेलात ठेवण्याचे कारणच नाही. ठेवली तर ती नुसती तेल पिते. दुसरा जाड पारीचा, बटाटा-मटाराचा पंजाबी समोसा. फाळणीनंतर शीव कोळीवाडा म्हणजे आजचे जीटीबी नगर, या भागात पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली, आणि शीवचा समोसा आजही शहरभर नावाजला जातो. या समोशाच्या पारीत भरपूर मोहन असते. मराठी घरांत तोच समोसा चिरोट्यासारखा साटा लावूनही करतात. पदर जितके जास्त, तितकी पहिली तळणी सांभाळावी लागते, म्हणून इथे या साट्याच्या समोशाचाच विचार केला आहे.

बारा मध्यम समोशांसाठी पाव किलो मैदा, चवीपुरते मीठ, अर्धा चमचा ओवा आणि ६० ग्रॅम पातळ केलेले तूप घ्यावे. तूप मैद्याला बोटांनी नीट चोळावे. मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे आणि बोट लावताच तो फुटला पाहिजे. मग साधारण ९० ते १०० मिलिलिटर पाणी थोडे थोडे घालून घट्ट पीठ भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. पीठ सैल झाले तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते, कारण जास्तीचे पाणी तळताना बाहेर काढावे लागते आणि तेच वरच्या पदरावर फोड आणते. साट्यासाठी दोन मोठे चमचे तूप पांढरे होईपर्यंत फेसून त्यात तेवढेच तांदळाचे पीठ मिसळावे. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत तूप ओट्यावरच वितळते, म्हणून साटा आणि साटा लावलेली वळकटी दोन्ही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवणे चांगले. वितळलेला साटा पिठात मुरला की पदर उरत नाहीत.

पिठाच्या तीन पोळ्या लाटून, साटा लावून एकावर एक ठेवाव्यात, घट्ट वळकटी करून तिचे सहा तुकडे पाडावेत. तुकडा कापलेली बाजू वर करून दाबावा आणि हलक्या हाताने तीन मिलिमीटर जाडीची लांबट पारी लाटावी. ती मधोमध कापली की दोन समोसे होतात. सारण पूर्ण गार आणि कोरडे हवे. भरलेले समोसे पंधरा-वीस मिनिटे उघडेच ठेवावेत, म्हणजे वरची ओल सुकते.

कच्चेपणा कुठे आणि का राहतो, हे कळले की आचेचे गणित आपोआप कळते. पारीची बाहेरची बाजू तेलात असते, पण आतली बाजू ओलसर बटाट्याला टेकलेली असते. जिथे पाणी आहे तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे सर्वांत आतल्या पदराला उष्णता जवळपास एकाच बाजूने मिळते. शिवण आणि खालचा टोकदार कोपरा यांत तर दोन-तीन थर एकावर एक बसलेले असतात. तिथे जाडी सहा ते नऊ मिलिमीटर होते. तेल १८० अंशांवर असेल तर बाहेरचा पदर दोन-तीन मिनिटांत लालसर होतो आणि समोसा काढावाच लागतो. तोवर शिवणीतले पाणी जेमतेम निघू लागलेले असते. १३० अंशांच्या आसपासच्या तेलात मात्र रंग फार सावकाश येतो. पाण्याची वाफ दोन पदरांमधून हळूहळू वाट काढते, तूप पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि एकेक पदर सुटा राहून कडक होतो.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिठाची छोटी गोळी तेलात टाकावी. ती तळाशी थोडी थांबून, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आली तर तेल बरोबर आहे. टाकताच उसळून वर आली तर कढई उतरवून तेल निवू द्यावे. लिटरभर तेलात एका वेळी तीन-चार समोसेच सोडावेत, नाहीतर तेल एकदम गार होते. पहिली दोन-तीन मिनिटे झारा लावू नये, कारण पारी मऊ असताना शिवण उघडते. त्यानंतर अधूनमधून उलटत दहा ते बारा मिनिटे तळावे. या वेळात रंग पांढुरकाच राहतो. समोशाभोवतीचे बुडबुडे विरळ झाले आणि झाऱ्याने टोकरल्यावर पारी खडखडीत वाजली की पहिली तळणी झाली असे समजावे. घड्याळापेक्षा या बुडबुड्यांवर विसंबणे अधिक खात्रीचे, कारण पाणी संपत आल्याची खूण तेच देतात. मग आच वाढवून तेल १७० अंशांपर्यंत न्यावे आणि दोन ते चार मिनिटांत बदामी रंगावर काढावे.

अनेक फरसाणवाले या दोन टप्प्यांमध्ये मोठी विश्रांती घेतात. सकाळीच मंद आचेवर पांढरे तळून ठेवलेले समोसे गिऱ्हाईक आले की गरम तेलात पुन्हा सोडतात. घरी पाहुणे यायचे असतील तर हीच सोय करावी. फक्त अर्धे तळलेले समोसे जाळीवर पसरून गार करावेत. डब्यात गरम असताना भरले तर स्वतःच्याच वाफेने ओले होतात. सारण बटाट्याचे असल्याने ते तासन्‌तास बाहेरही ठेवू नयेत.

मंद आचेलाही खालची मर्यादा आहे. तेल नुसते कोमट असेल तर पारी धरण्याआधीच साटा वितळून बाहेर येतो, तेलात पिठाचा पांढरा गाळ तरंगतो आणि सुटलेल्या पदरांत तेल शिरते. असा समोसा हाताला जड लागतो आणि तोडला की बोटे तुपकट होतात. नंतर आच वाढवूनही ते तेल निघत नाही.

आच मोठी झाली होती का, हे ओळखायला समोसा सारणाच्या मध्यावर नव्हे, शिवणीवर तोडावा. नीट तळलेल्या शिवणीत पापुद्रे सुटे दिसतात आणि त्यांचा चुरा होतो. कच्च्या शिवणीत करड्या रंगाची, ओलसर, दाताला चिकटणारी पट्टी सापडते. बाहेर मोठे फोड असतील तर शंका आणखी पक्की होते. काढताना कुरकुरीत असलेला समोसा पाव तासात मऊ पडतो तोही बहुधा याच कारणाने, आत अडकलेली ओल बाहेरच्या पदरात येते. पावसाळ्यात मात्र घाईने दोष देऊ नये. दमट हवेने सादळलेला समोसा सगळीकडून सारखाच मऊ होतो आणि ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवला की पुन्हा खुसखुशीत होतो. शिवणीत कच्चा राहिलेला समोसा गरम केल्यावर वरून कडक होतो, पण आतली पट्टी तशीच चिवट राहते.