ट्रॅकिंग लिंक आणि कूपन कोड (विक्रीचा माग)

कोणत्या पोस्टमुळे किंवा मोहिमेमुळे किती माल विकला गेला, हे ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन खुणा. ट्रॅकिंग लिंकमध्ये ही खूण पत्त्याच्या शेपटीला जोडलेली असते आणि ग्राहकाला तिचा पत्ताही नसतो. कूपन कोड मात्र ग्राहक स्वतः लक्षात ठेवून टाकतो किंवा फोनवर सांगतो. मराठवाड्यात केसर आंबा, पैठणी, हिमरू शाली किंवा कुंथलगिरीचा पेढा ऑनलाइन विकणाऱ्याला सहसा दोन्ही वापराव्या लागतात, कारण इथली बरीचशी खरेदी वेबसाइट, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन अशा तिन्ही वाटांनी होते.

लिंकच्या शेपटीला यूटीएम म्हणतात. गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेल्या अर्चिन या कंपनीच्या नावावरून ते आले. समजा, अंबाजोगाई तालुक्यातला एक बागायतदार लातूरच्या एका रीलकर्तीकडून आपल्या केसरची जाहिरात करून घेतो. तिच्या स्टोरीसाठी त्याची लिंक अशी असेल :

```
https://example.com/kesar?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=kesar_may&utm_content=latur_story
```

प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग आंब्याचे पान उघडायला लागत नाही. तो फक्त अ‍ॅनालिटिक्ससाठी आहे : माणूस कुठून आला, कोणत्या प्रकारच्या माध्यमातून, कोणत्या मोहिमेतून आणि नेमक्या कोणत्या पोस्टवरून. यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. एकाने Instagram आणि दुसऱ्याने instagram लिहिले की अहवालात दोन वेगळे स्रोत उभे राहतात. देवनागरीत लिहिलेली नावे लिंक कॉपी करताना टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतात, म्हणून नावे लहान रोमन अक्षरांतच ठेवावीत आणि ती एका वहीत किंवा शीटमध्ये आधी ठरवून घ्यावीत. आपल्याच साइटच्या आतल्या बटणांना यूटीएम कधी लावू नये, त्याने ग्राहक मुळात कुठून आला याची नोंद बिघडते.

कोड तोंडी सांगता यायला हवा. इथे मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची अडचण खरी नडते : आंबा कोणी AMBA लिहितो, कोणी AAMBA. कोड चालला नाही की ग्राहक पूर्ण किमतीत घेतो किंवा निघून जातो, आणि दोन्ही वेळा माग पुसला जातो. LATUR50 सारखा कोड बरा, त्याचे स्पेलिंग सगळ्यांना पाठ असते. शून्य आणि ओ यांची गल्लत होईल असा कोड टाळावा.

आता हिशेब पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. पेटीमागे ५० रुपये सूट, आणि रीलकर्तीला तिच्यामुळे आलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे ६० रुपये. वेबसाइटवर एकूण १४० ऑर्डरी आल्या. तिच्या लिंकवरून ११ आणि तिच्या कोडने ३८. या दोन्हींची बेरीज करून ४९ म्हणणे ही सर्रास होणारी चूक. त्यातल्या ९ ऑर्डरींत लिंकही तिची आणि कोडही तिचाच आहे, म्हणजे खरा आकडा ४० भरतो. प्रत्येक ऑर्डरीसमोर लिंकचा स्रोत आणि कोड असे दोन रकाने असल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून फक्त अ‍ॅनालिटिक्सच्या बेरजा पाहून भागत नाही, ऑर्डरींची यादी उतरवून घ्यावी लागते.

कोडने आलेल्या उरलेल्या २९ ऑर्डरी खरी माहिती देतात. त्यांतल्या १७ ऑर्डरींना स्रोतच नाही. हे स्वाभाविक आहे : इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे लोक रील पाहून नंतर सवडीने साइटचे नाव टाइप करतात. लिंक इथे आंधळी, कोडने मात्र माग राखला. राहिलेल्या १२ ऑर्डरी बागायतदाराने स्वतः व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आल्या, पण कोड रीलकर्तीचा. यादीतले फोन नंबर गेल्या हंगामाशी ताडून पाहिले तर १२ पैकी ९ जण जुनेच गिऱ्हाईक निघतात. म्हणजे कोणीतरी ग्रुपमध्ये कोड टाकला आणि जे घेणारच होते त्यांनी सूट लाटली. ४५० रुपये सूट तर गेलीच, शिवाय त्या ९ ऑर्डरींचे श्रेय रीलला गेले. ते वजा केल्यावर रीलच्या ३१ ऑर्डरी उरतात. मोबदला ४९ च्या हिशेबाने २,९४० रुपये झाला असता, ३१ च्या हिशेबाने १,८६० होतो. ‘मोबदला फक्त नव्या ग्राहकांवर’ ही अट रील टाकण्याआधी बोलून ठरवावी. नंतर काढली तर संबंध बिघडतात, आणि त्यात चूक रीलकर्तीची नसते.

लिंकही फुटते, फक्त उलट दिशेने. स्टोरीतून आलेला माणूस ब्राउझरमधला पत्ता जसाच्या तसा कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवतो, शेपटीही सोबत जाते, आणि नांदेडच्या मावशीने मागवलेली पेटी इन्स्टाग्रामच्या खात्यावर जमा होते. ओळखायची खूण अशी : स्टोरी २४ तासांत नाहीशी होते. त्यानंतर पाच-सहा दिवसांनीही त्याच शेपटीने पहिल्यांदाच येणारे लोक दिसत असतील, तर लिंक हातोहात फिरते आहे. याच्याशी मिळताजुळता घोळ पेमेंटच्या वेळी होतो. ग्राहक पैसे भरायला दुसऱ्या पानावर जाऊन परततो आणि विक्री पेमेंट कंपनीच्या नावावर पडते. अहवालात पेमेंट कंपनी मोठा ‘स्रोत’ म्हणून दिसली की सेटिंगमध्ये ते डोमेन वगळायचे.

बऱ्याच घरगुती विक्रेत्यांकडे वेबसाइटच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, यूपीआयने पैसे. तिथे यूटीएमचा काही उपयोग नाही, कारण ती शेपटी वाचणारे पान विक्रेत्याच्या हातात नसते. त्याऐवजी आधीच मजकूर भरलेली चॅट लिंक वापरतात :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KESAR-LATUR
```

ही दाबली की चॅटमध्ये KESAR-LATUR लिहून येते, ग्राहकाने फक्त पाठवायचे. प्रत्येक पोस्टला वेगळा शब्द दिला की पहिल्याच मेसेजवरून वाट कळते. काही जण तो खोडून ‘दादा, पेटी कशी दिली?’ असे विचारतात. त्यांना ‘कुठे पाहिलंत?’ एवढे विचारून वहीत ऑर्डरीशेजारी लिहून ठेवायचे. पेटीवरच्या क्यूआर कोडलाही असाच वेगळा शब्द द्यावा, म्हणजे आंबा खाऊन पुन्हा मागवणारे वेगळे मोजता येतात.

या दोन्ही खुणा ऑर्डर कोणत्या वाटेने आली ते दाखवतात, ती वाट नसती तर ऑर्डर आलीच नसती का, हे दाखवत नाहीत. ते पाहायचे तर जाहिरात मुद्दाम काही ठिकाणी थांबवावी लागते. उदाहरणार्थ, सशुल्क जाहिरात पंधरा दिवस लातूर जिल्ह्यात चालवायची, नांदेडमध्ये नाही, आणि मग दोन्हीकडच्या पिनकोडवरच्या एकूण ऑर्डरी, कोड असलेल्या आणि नसलेल्या, आधीच्या पंधरवड्याशी ताडायच्या. लातुरात कोडच्या ऑर्डरी २० दिसल्या पण एकूण वाढ नांदेडपेक्षा ६ नेच जास्त असेल, तर बहुतेक २० पैकी १४ जण तसेही आले असते. केसरचा हंगाम तोकडा असल्याने अशी चाचणी वर्षातून एखाददुसरीच होते, आणि इतक्या कमी ऑर्डरींत एखाद्या लग्नघरानेही आकडे हलतात. म्हणून एकाच वर्षाच्या फरकावरून रीलकर्तीशी व्यवहार तोडू किंवा दुप्पट करू नये.